विश्लेषण : पीएफचे पैसे पहिल्यांदा काढताना ओळख पडताळणी कुठे अडते?

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील सळई कारखान्यांत आणि बियाणे कंपन्यांत हजारो हात कंत्राटदारामार्फत काम करतात. दरमहा पगारातून भविष्य निर्वाह निधी कापला जातो, पण पैसे काढायची पहिली वेळ येते तेव्हा अनेकांचा अर्ज मागे फिरतो. खात्यात पैसे असतात, ते कामगाराचेच असतात. अडते ते नाव, जन्मतारीख किंवा बँक खाते यांतल्या तफावतीवर. पहिल्या क्लेमआधी नेमके काय तपासले जाते, कोणती कागदपत्रे चालतात आणि दुरुस्ती कोणत्या क्रमाने करावी, याचा हा आढावा.

पहिल्याच क्लेमला अडचण का येते?

पैसे जमा होताना कामगाराची ओळख फारशी तपासली जात नाही. कंत्राटदार दरमहा यूएएन क्रमांकापुढे रक्कम भरतो आणि ती जमा होत राहते. यूएएन म्हणजे भविष्य निर्वाह निधी संघटनेने प्रत्येक सदस्याला दिलेला 12 अंकी क्रमांक. 2014 पासून तो दिला जातो आणि नोकरी बदलली तरी तोच राहावा, अशी अपेक्षा असते.

सुरुवातीच्या काही वर्षांत हा क्रमांक काढताना नाव आणि जन्मतारीख कंत्राटदाराचा कारकून भरत असे. समोर रेशनकार्ड असेल तर त्यावरचे, नाहीतर कामगाराने तोंडी सांगितलेले. त्यात इंग्रजी स्पेलिंगचा घोळ. `DNYANESHWAR` हे नाव कुठे `DNYANESHVAR`, तर कुठे `GYANESHWAR` असे लिहिले गेले. लग्नानंतर नाव बदललेल्या महिलांच्या नोंदीत माहेरचे मधले नाव राहिले. जन्मतारखेचे तर विचारायलाच नको. शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जून लिहिलेली माणसे मराठवाड्यात घरोघरी आहेत. आणि कारकुनाला तारीख ठाऊक नसली की त्याने 1 जानेवारी टाकलेली असते.

ही तफावत वर्षानुवर्षे झाकलेली राहते, कारण पैसे भरताना ती कोणाला टोचत नाही. पैसे बाहेर काढताना मात्र संगणक आधार, पॅन, बँक खाते आणि पीएफची नोंद ही चारही नावे शेजारी ठेवून पाहतो. तिथे पहिल्यांदा ती उघडी पडते.

नेमके काय तपासले जाते?

चार गोष्टी. पहिली, आधार. पीएफ नोंदीतील नाव, जन्मतारीख आणि लिंग आधारशी जुळून यूएएनला आधार जोडलेले असावे लागते. ऑनलाइन क्लेमवर सही म्हणून आधारला जोडलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपीच वापरला जातो. त्यामुळे तो मोबाइल क्रमांक बंद पडलेला असेल, तर बाकी सर्व जुळूनही अर्ज पुढे सरकत नाही. जुने सिम हरवलेल्या कामगाराने पहिली फेरी आधार केंद्राकडे मारावी.

दुसरी, बँक खाते. खाते सदस्याच्या स्वतःच्या नावाचे, चालू स्थितीतील हवे आणि बँकेतील नाव पीएफमधील नावाशी जुळायला हवे. पतीचे, भावाचे किंवा मुकादमाचे खाते चालत नाही.

तिसरी, पॅन. पैसे मिळण्यासाठी पॅन प्रत्येक वेळी अनिवार्य नसते, पण ते नसेल तर कराची कपात दुप्पट होते. त्याचा हिशेब पुढे दिला आहे.

चौथी, नोकरीची नोंद. पूर्ण रक्कम काढायची असेल तर कामावर रुजू झाल्याची आणि काम सोडल्याची, अशा दोन्ही तारखा नोंदीत असाव्या लागतात. कंत्राटदाराने काम सोडल्याची तारीख भरलीच नाही, तर संगणकाच्या दृष्टीने तो माणूस अजून नोकरीतच असतो.

क्लेम भरण्याआधी घरबसल्या काय पाहता येते?

सदस्य पोर्टलवर यूएएन आणि पासवर्ड टाकून आत गेल्यावर `View` मध्ये `Profile` आणि `Service History` हे दोन भाग आधी पाहावेत. प्रोफाइलमधील नाव आणि जन्मतारीख हातातल्या आधार कार्डाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावी. सर्व्हिस हिस्ट्रीमध्ये प्रत्येक कंत्राटदाराच्या नावापुढे काम सोडल्याची तारीख आहे का, ते बघावे. त्यानंतर `Manage` मधील `KYC` उघडावे. तिथे आधार, पॅन आणि बँक खाते मंजूर झालेल्या यादीत दिसले पाहिजे. नुसते भरलेले, पण मंजुरी न मिळालेले कागदपत्र क्लेमच्या उपयोगाचे नसते.

यूएएन अजून सुरूच केला नसेल, तर उमंग अ‍ॅपवरून चेहरा पडताळून तो सुरू करता येतो. त्यासाठी फोनमध्ये `AadhaarFaceRD` हे दुसरे अ‍ॅपही लागते. 1 ऑगस्ट 2025 पासून नव्या सदस्यांचे यूएएन सर्वसाधारणपणे याच चेहरा पडताळणीने तयार होतात, त्यामुळे नाव आणि तारीख थेट आधारमधून येते. नव्याने कामाला लागणाऱ्यांची नावाची अडचण यामुळे कमी होईल. प्रश्न आहे तो जुन्या यूएएनचा.

स्मार्टफोन नसलेल्यांसाठी एसएमएसची सोय आहे. नोंदणीकृत मोबाइलवरून `EPFOHO UAN MAR` असा संदेश 7738299899 या क्रमांकावर पाठवला की शेवटची जमा रक्कम, शिल्लक आणि केवायसीची माहिती मराठीत येते. शेवटची तीन अक्षरे मराठी भाषेसाठी आहेत. 9966044425 या क्रमांकावर मिस्ड कॉल दिला तरी माहिती मिळते. मात्र दोन्हींसाठी तो मोबाइल क्रमांक यूएएनला जोडलेला असला पाहिजे.

नाव किंवा तारीख चुकली असेल तर कोणता मार्ग?

मार्ग कोणता, हे यूएएन केव्हा निघाला यावर ठरते. जानेवारी 2025 मध्ये संघटनेने दुरुस्तीची पद्धत सोपी केली आणि सदस्यांचे तीन गट पाडले.

1 ऑक्टोबर 2017 किंवा त्यानंतर निघालेला आणि आधारशी पडताळलेला यूएएन असेल, तर सदस्य स्वतःच पोर्टलवर दुरुस्ती करू शकतो. नाव, जन्मतारीख, लिंग, वडील किंवा आईचे नाव, वैवाहिक स्थिती, पती-पत्नीचे नाव, रुजू झाल्याची आणि काम सोडल्याची तारीख, हे सर्व यात येते. मालकाची मंजुरी लागत नाही.

त्याआधीचा, पण आधारशी पडताळलेला यूएएन असेल, तर सदस्याने ऑनलाइन अर्ज करायचा आणि मालकाने किंवा कंत्राटदाराने तो मंजूर करायचा. पीएफ कार्यालयाकडे जाण्याची गरज सहसा पडत नाही.

तिसरा गट सर्वांत अडचणीचा. यूएएनला आधार कधी जोडलेच गेले नाही आणि नावात किंवा तारखेत तफावत आहे, असे हे सदस्य. त्यांनी संयुक्त घोषणापत्र, म्हणजे जॉइंट डिक्लरेशन भरायचे असते. मालक आणि सदस्य अशा दोघांनी मिळून ‘ही नोंद चुकली होती, बरोबर ही आहे’ असे लिहून देणे, एवढाच त्याचा अर्थ. कंत्राटदार हयात आणि हाताशी असेल तर त्याची सही घ्यावी. आस्थापना बंद पडली असेल तर राजपत्रित अधिकारी, दंडाधिकारी, पोस्टमास्तर किंवा बँकेचे व्यवस्थापक यांसारख्या अधिकृत व्यक्तीकडून घोषणापत्र साक्षांकित करून ते प्रादेशिक कार्यालयाच्या जनसंपर्क खिडकीवर द्यावे लागते. जालना जिल्ह्यातील सदस्यांसाठी प्रादेशिक कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे.

कोणती कागदपत्रे चालतात?

नावाच्या दुरुस्तीसाठी आधार हा पाया. त्याच्या जोडीला पॅन कार्ड, मतदार ओळखपत्र, वाहन चालवण्याचा परवाना, पासपोर्ट, फोटो असलेले आणि बँकेचा शिक्का मारलेले पासबुक, असे पुरावे घेतले जातात. जॉइंट डिक्लरेशनच्या कार्यपद्धतीत बदल किरकोळ असेल तर किमान दोन आणि मोठा असेल तर किमान तीन कागदपत्रे मागितली आहेत. एखाद-दुसऱ्या अक्षराची चूक किरकोळ मानली जाते. पूर्ण नाव बदलणे हा मोठा बदल.

जन्मतारखेच्या बाबतीत मात्र बहुतेकांचा एक गैरसमज असतो. आधार दाखवले की काम झाले, असे त्यांना वाटते. जानेवारी 2024 मध्ये संघटनेने परिपत्रक काढून जन्मतारखेचा स्वतंत्र पुरावा म्हणून आधार स्वीकारणे बंद केले. आधार हे माणसाची ओळख पटवते, त्याचे वय सिद्ध करत नाही, अशी आधार प्राधिकरणाचीच भूमिका आहे. त्यामुळे तारीख दुरुस्त करण्यासाठी पुढीलपैकी काही तरी लागते : जन्म-मृत्यू निबंधकाचा जन्मदाखला, दहावीचे प्रमाणपत्र किंवा मान्यताप्राप्त मंडळाची गुणपत्रिका, नाव आणि जन्मतारीख असलेला शाळा सोडल्याचा दाखला, पॅन कार्ड, पासपोर्ट, अधिवास प्रमाणपत्र किंवा सरकारी सेवेतील नोंद.

यातला शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे टीसी, ग्रामीण भागात सर्वांत सहज मिळतो. दहावीपर्यंत न पोहोचलेल्या माणसालाही तो ज्या शाळेत शेवटचा शिकला तिथून मिळतो, कारण शाळेचे जनरल रजिस्टर जपून ठेवलेले असते. ज्यांच्याकडे यातले काहीच नाही, त्यांना जिल्हा शल्यचिकित्सकांचे वैद्यकीय प्रमाणपत्र आणि न्यायालयात केलेले प्रतिज्ञापत्र देण्याचा मार्ग आहे. तो लांबचा आहे. पॅन किंवा टीसी असताना त्या वाटेला जाऊ नये.

नोकरीच्या तारखांसाठी नेमणूकपत्र, हजेरीपट किंवा कंत्राटदाराने लेटरहेडवर दिलेले प्रमाणपत्र चालते. पगाराची स्लिप किंवा बँकेत जमा झालेल्या पगाराच्या नोंदी जपून ठेवल्या असतील तर कोणत्या महिन्यापर्यंत काम केले, हे दाखवायला त्यांचा आधार मिळतो.

बँकेच्या खात्याचे काय?

इथे 3 एप्रिल 2025 पासून मोठा फरक पडला. त्याआधी ऑनलाइन क्लेमसोबत कोऱ्या चेकचा किंवा साक्षांकित पासबुकाचा फोटो जोडावा लागे. फोटो अस्पष्ट आहे, चेकवर नाव छापलेले नाही, अशा कारणांनी क्लेम फेटाळले जात. आता तो फोटो लागत नाही. खाते यूएएनला जोडताना बँकेकडूनच नावाची खात्री होते आणि तेवढे पुरते.

त्याच दिवशी दुसरी पायरीही काढून टाकण्यात आली. बँकेने खाते खरे असल्याचे कळवल्यानंतरही मालकाने मंजुरी द्यावी लागे. संघटनेच्या हिशेबाने बँकेला सरासरी 3 दिवस लागत, तर मालकाच्या मंजुरीला सुमारे 13 दिवस. आता बँकेची खात्री झाली की खाते जोडले जाते. जुने खाते बदलून नवे घालायचे असेल तर नवा खाते क्रमांक आणि आयएफएससी टाकून आधार ओटीपीने ते करता येते.

जुनी खाती मात्र तपासून घ्यावीत. देना बँक 1 एप्रिल 2019 पासून बँक ऑफ बडोदात विलीन झाली. पीएफच्या नोंदीत अजून `BKDN` ने सुरू होणारा देना बँकेचा कोड असेल, तर तो आता उपयोगाचा नाही. नवा कोड `BARB0` ने सुरू होतो आणि त्यातील पाचवे चिन्ह शून्य आहे, इंग्रजी ओ नव्हे. सिंडिकेट, आंध्रा, कॉर्पोरेशन, अलाहाबाद, ओरिएंटल या बँकाही 1 एप्रिल 2020 पासून दुसऱ्या बँकांत गेल्या. तिथे खाती असणाऱ्यांनी नव्या पासबुकावरचा कोड पाहून केवायसी नव्याने भरावी.

एका कामगाराचे उदाहरण

समजा, जालन्यातील एका सळई कारखान्यात एका कामगाराने कंत्राटदारामार्फत जानेवारी 2016 ते डिसेंबर 2018 अशी 36 महिने नोकरी केली. पीएफसाठी धरलेला पगार महिना 10,000 रुपये. कामगाराच्या पगारातून 12 टक्के, म्हणजे 1,200 रुपये कापले गेले. मालकाच्या 12 टक्क्यांपैकी 833 रुपये पेन्शन योजनेत आणि 367 रुपये पीएफ खात्यात गेले. म्हणजे पीएफ खात्यात दरमहा 1,567 रुपये. 36 महिन्यांचे झाले 56,412 रुपये, व्याज त्याशिवाय. त्यानंतर तो गावी शेती पाहू लागला आणि पैशांचा विषय मागे पडला. आता त्याला ही रक्कम काढायची आहे.

पीएफच्या नोंदीत नाव आहे `DNYANESHVAR`, जन्मतारीख 1 जानेवारी 1990. आधार आणि पॅनवर `DNYANESHWAR`, तारीख 1 जून 1991. यूएएन 2016 चा, त्याला आधार जोडलेले नाही. बँक खाते देना बँकेचे. कंत्राटदाराची फर्म बंद पडलेली. काम सोडल्याची तारीख रिकामी.

अशा माणसाने थेट क्लेम भरायला घेतला तर तो भरताच येणार नाही. आधी बँकेकडे जाऊन उपयोग नाही, आधी छत्रपती संभाजीनगरला जाऊनही नाही. क्रम असा असावा.

सर्वांत आधी आधार. त्यावरचे नाव आणि तारीख टीसीशी जुळते का, हे पाहायचे, कारण पुढचे सर्व आधारवर बेतलेले आहे. इथे ते जुळते. मोबाइल क्रमांक जुना असेल तर आधार केंद्रावर नवा जोडून घ्यायचा. आधारमध्येच चूक असती तर ती आधी सुधारावी लागली असती, आणि तिथे जपून पाऊल टाकावे लागते : आधारमधील नाव आयुष्यात साधारणपणे दोनदा आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. पीएफच्या चुकीच्या नोंदीशी जुळावे म्हणून आधार बदलणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. त्यामुळे पॅन, बँक आणि मुलांचे दाखले असे सर्व बिघडते.

दुसरे, बँक. बँक ऑफ बडोदाच्या शाखेत जाऊन खाते चालू आहे का ते पाहायचे. दोन वर्षे व्यवहार नसलेले खाते निष्क्रिय होते. ते बँकेची केवायसी देऊन पुन्हा सुरू करायचे, पासबुकावर नाव आधारप्रमाणे करून घ्यायचे आणि नवा कोड लिहून घ्यायचा.

तिसरे, जॉइंट डिक्लरेशन. फर्म बंद असल्याने फॉर्मवर अधिकृत व्यक्तीचे साक्षांकन घ्यायचे. नाव आणि जन्मतारीख अशा दोन्ही दुरुस्त्या एकाच वेळी मागायच्या आणि काम सोडल्याची तारीखही त्यातच लिहायची. सोबत आधार, पॅन, टीसी आणि मतदार ओळखपत्राच्या प्रती. 36 महिन्यांतील पगाराचे पुरावे असतील तर तेही. अर्ज दिल्याची पोच घ्यायला विसरायचे नाही.

चौथे, केवायसी. नोंद दुरुस्त होऊन आधार जोडले गेले की पोर्टलवर पॅन आणि बँक खाते भरायचे. दोन्ही मंजूर झाल्याचे दिसले की मगच पाचवी पायरी, क्लेम.

पॅन नसेल तर किती फटका?

नोकरी सलग 5 वर्षांपेक्षा कमी आणि काढायची रक्कम 50,000 रुपये किंवा त्याहून अधिक असेल, तर उगमस्थानी कर कापला जातो. पॅन जोडलेले असेल तर 10 टक्के, नसेल तर 20 टक्के. वरच्या उदाहरणात व्याज बाजूला ठेवून नुसत्या 56,412 रुपयांवर पाहिले तरी पॅन असताना सुमारे 5,641 रुपये आणि नसताना सुमारे 11,282 रुपये कापले जातील. म्हणजे एक कार्ड न जोडल्याची किंमत साडेपाच हजारांहून अधिक. ज्याचे एकूण उत्पन्न करपात्रच नाही, त्याला पॅनसह तसे स्वघोषणापत्र क्लेमसोबत देऊन ही कपात टाळता येते. पॅन आधारशी जोडलेले नसेल तर ते निष्क्रिय ठरते, हेही आधी पाहून घ्यावे.

क्लेम प्रत्यक्ष कसा भरायचा?

पोर्टलवर `Online Services` मधील `Claim (Form-31, 19, 10C & 10D)` हा पर्याय उघडावा. बँक खात्याचा क्रमांक टाकून पडताळणी होते. अटी मान्य केल्यावर फॉर्म निवडायचा. फॉर्म 19 पीएफची पूर्ण रक्कम काढण्यासाठी, फॉर्म 10सी पेन्शन योजनेतील वाट्यासाठी आणि फॉर्म 31 नोकरीत असताना काही रक्कम आगाऊ काढण्यासाठी. पेन्शनचा वाटा काढण्यासाठी सेवा किमान 6 महिने आणि 10 वर्षांपेक्षा कमी हवी. अनेक कामगार फक्त फॉर्म 19 भरतात आणि पेन्शनचा वाटा तसाच राहतो. शेवटी आधार ओटीपी टाकला की अर्ज दाखल होतो.

काम सोडल्याची तारीख कंत्राटदाराने भरलेली नसेल आणि यूएएनला आधार जोडलेले असेल, तर शेवटची वर्गणी जमा झाल्यापासून 2 महिन्यांनी सदस्य स्वतः `Manage` मधील `Mark Exit` मधून ती भरू शकतो. ज्या महिन्याची शेवटची वर्गणी जमा आहे, त्याच महिन्यातील तारीख तिथे घेतली जाते.

पूर्ण रक्कम काढण्यासाठी किती काळ बेरोजगार असावे, याची मुदत पूर्वी 2 महिने होती. 13 ऑक्टोबर 2025 च्या बैठकीत केंद्रीय विश्वस्त मंडळाने ती 12 महिने आणि पेन्शनच्या वाट्यासाठी 36 महिने करण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे नुकतेच काम सुटलेल्यांनी पोर्टलवर आपल्याला कोणता फॉर्म उपलब्ध दिसतो, ते पाहूनच पुढे जावे.

दोन यूएएन असतील तर?

कंत्राटदार बदलला की नव्याने जुना क्रमांक न विचारता दुसरा यूएएन काढला, असे सळई कारखान्यांत होत आले आहे. दोन क्रमांकांत विभागलेली सेवा वेगवेगळी मोजली गेली की 5 वर्षे भरत नाहीत आणि कर कापला जातो. अशा सदस्याने आधी जुन्या खात्यातील रक्कम चालू यूएएनमध्ये हस्तांतरित करून घ्यावी. अडीच-अडीच वर्षांच्या सलग दोन नोकऱ्या जोडल्या गेल्या, तर कराचा प्रश्नच मिटतो.

क्लेम फेटाळला तर काय करावे?

`Track Claim Status` मध्ये फेटाळण्याचे कारण लिहिलेले असते. ते न वाचता तोच अर्ज पुन्हा भरला तर तो पुन्हा परत येतो. नाव जुळत नाही, असे लिहिले असेल तर प्रोफाइल आणि आधार ताडावे. बँकेचा तपशील चुकीचा, असे असेल तर कोड आणि खात्याची स्थिती पाहावी. नोकरीच्या तारखेचा उल्लेख असेल तर सर्व्हिस हिस्ट्री.

सर्व जुळत असूनही अर्ज अडला, तर `epfigms.gov.in` या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. तिचा नोंदणी क्रमांक जपून ठेवावा. 14470 हा मदत क्रमांक आहे. याशिवाय दर महिन्याच्या 27 तारखेला ‘निधी आपके निकट’ हा उपक्रम जिल्हा पातळीवर होतो. त्यात पीएफ कार्यालयाचे अधिकारी जिल्ह्यात येऊन तक्रारी ऐकतात. छत्रपती संभाजीनगरची फेरी आणि त्यासाठी बुडणारी रोजी वाचवायची असेल, तर मूळ कागदपत्रे आणि प्रती घेऊन या शिबिरात जाणे सोयीचे.

एजंटाकडे जावे का?

पीएफच्या या कुठल्याही सेवेला शुल्क नाही. तरीही क्लेम काढून देतो म्हणून टक्केवारी घेणारे एजंट आणि काही सायबर कॅफे आहेत. जून 2025 मध्ये संघटनेने अशांपासून सावध राहण्याचे आवाहन केले होते. फॉर्म भरायला कोणाची मदत घ्यावी लागली, तर तीन गोष्टी सांभाळाव्यात. आधार ओटीपी स्वतःच्या फोनवर आलेला स्वतःच टाकावा. प्रोफाइलमध्ये मोबाइल क्रमांक आपलाच आहे, हे शेवटी तपासावे. आणि केवायसीत भरलेले बँक खाते पासबुकाशी अंक न् अंक जुळवून पाहावे. या तिन्हींपैकी एक जरी दुसऱ्याच्या हाती गेले, तर इतकी पडताळणी करून पैसे निघतील खरे, पण ते कोणाच्या खात्यात गेले, हे शोधण्याची वेळ येईल.